व्हिसाच्या फाइलवरचा एकच परिच्छेद

बीड जिल्ह्यात अर्ज लिहिण्याची एक पक्की रीत आहे. तहसील असो, पंचायत समिती असो की बँक, वर डाव्या बाजूला ‘प्रति, मा. साहेब’, खाली ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की’, मग घरची सगळी हकिगत आणि शेवटी ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती’. गावोगावच्या अर्जनवीसांनी ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालवली आणि तिथे ती चालतेही, कारण तो अर्ज वाचूनच साहेब त्यावर शेरा मारणार असतात. अडचण होते ती हेच वळण व्हिसाच्या फाइलवर गेलं की. व्हिसा हवा आहे हे अर्जदाराने ऑनलाइन फॉर्ममध्ये आधीच सांगितलेलं असतं. सोबतच्या पत्राने आता फक्त दोन गोष्टी सांगायच्या : जायचं कशासाठी, आणि त्याच्या पुराव्यादाखल फाइलमध्ये कोणत्या क्रमांकाला काय आहे.

पासपोर्टसाठी तर बहुतेकांना असं पत्र लागतच नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा, वेळ घ्यायची आणि केंद्रात मूळ कागद दाखवायचे. जिथे काही खुलासा लागतो तिथे पासपोर्ट खात्याने स्वतःचे नमुने ठरवून दिले आहेत. अल्पवयीन मुलासाठी आईवडिलांनी द्यायचा ‘डी’ नमुना, हरवलेल्या पासपोर्टसाठी ‘एफ’, आणि सरकारी नोकराने आपल्या कार्यालयाला द्यायची पूर्वसूचना म्हणजे ‘एच’. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने हा शेवटचा नमुना एकदा नीट वाचावा. आपण सामान्य पासपोर्टसाठी अर्ज करत आहोत, एवढंच तो कार्यालयाला कळवतो. पासपोर्ट कशाला हवा, मुलगी कुठे शिकते, पूर्वी परदेशी का जाता आलं नाही, यातलं काहीही तो विचारत नाही. या नमुन्याला आणखी दोन पानांचं विनंतीपत्र टाचणाऱ्याचं काम पुढे सरकत नाही. केंद्रातला माणूस ती पानं बाजूला काढून नमुना तेवढा ठेवून घेतो.

खरी कसोटी लागते ती आईवडील मुलाकडे युरोपात निघतात तेव्हा. उदाहरणादाखल एक जोडपं घेऊ. गेवराई तालुक्यातले साठीच्या आसपासचे शेतकरी, पाच एकर जमीन, अर्ध्यात ऊस, अर्ध्यात कापूस. मुलगा इंजिनिअर, स्टुटगार्टला नोकरीला. डिसेंबरमध्ये सुनेचं बाळंतपण झालं, आता नातवाला बघायला जायचं आहे. लागणारा व्हिसा शेंगेनचा, अल्पमुदतीचा. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून पंधरा दिवसांपर्यंत अर्ज करता येतो. फाइल व्हीएफएसच्या केंद्रात द्यायची असते, म्हणजे बीडकरांना मुंबई किंवा पुणे गाठावं लागतं. निर्णय मात्र व्हीएफएस घेत नाही, वाणिज्य दूतावास घेतो. त्यामुळे केंद्रातल्या खिडकीवर तोंडी केलेला खुलासा तिथेच विरतो. पुढे जातात ते कागद.

हे कागद कशासाठी मागतात, याचं उत्तर युरोपीय संघाच्या 2009 च्या व्हिसा संहितेत आहे. तिच्या चौदाव्या कलमात चार गोष्टी येतात : प्रवासाचा हेतू, राहायची सोय, खर्चाची ऐपत, आणि मुदत संपण्याआधी परत येण्याचा इरादा. पत्रातलं प्रत्येक वाक्य या चारांपैकी एकाच्या कामी यायला हवं. जे कोणाच्याच कामी येत नाही, ते कितीही खरं असलं तरी काढून टाकावं.

आता अशा जोडप्याच्या हातचं पत्र कसं असतं ते बघू. सुरुवात अशी : ‘आम्ही अत्यंत कष्टाने, दुष्काळाशी झगडत मुलाला शिकवलं. आज तो आपल्या महान देशात नोकरी करतो, याचा आम्हाला अभिमान आहे.’ यातलं अक्षर न् अक्षर खरं असेल, पण चारपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर यात नाही. पुढचं वाक्य : ‘मुलाशिवाय आता करमत नाही, उतारवयात त्याच्या सहवासात राहण्याची इच्छा आहे.’ हे वाक्य नुसतं निरुपयोगी नाही, घातक आहे. संहितेतला चौथा प्रश्न परतण्याचा, आणि इथे अर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहून दिलं आहे की त्याला तिथे राहायचं आहे. आईने हे डोळ्यांत पाणी आणून लिहिलेलं असतं. वाचणारा ते नियमाच्या चष्म्यातून वाचतो. त्यानंतर ‘आम्ही तीन महिने राहणार आहोत, सर्व खर्च मुलगा करणार आहे, आमची गावाकडे भरपूर शेती आहे’. या तीन तुकड्यांत माल आहे, पण तिन्ही मोघम आहेत. त्यांचाच परिच्छेद करायचा आहे.

पहिला तुकडा ‘तीन महिने’. अल्पमुदतीच्या शेंगेन व्हिसावर कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, आणि पोचल्याचा दिवस व निघाल्याचा दिवस दोन्ही मोजले जातात. मुलाने कॅलेंडर बघून 1 मार्च ते 31 मे असं ठरवलं, तर मार्चचे 31, एप्रिलचे 30 आणि मेचे 31 मिळून 92 दिवस होतात. आपल्या हिशेबाने तीन महिने पुरे, नियमाने दोन दिवस जास्त. म्हणून पत्रात महिने लिहूच नयेत. तारखा लिहाव्यात आणि पुढे दिवस मोजून टाकावेत. या जोडप्याने 1 मार्च ते 25 मे ठरवलं. ते 86 दिवस झाले, विमान रद्द झालं तरी हाताशी चार दिवस उरतात. ह्याच तारखा ऑनलाइन फॉर्ममध्ये, मुलाच्या निमंत्रणात, तिकिटाच्या आरक्षणात आणि विम्यात हव्यात. मुलाने जुन्या तारखांचं निमंत्रण पाठवलेलं असतं आणि एजंटाने विमा नव्या तारखांचा काढलेला असतो, हा घोळ नेहमीचा आहे. पत्र लिहायला बसलं की तो सापडतो, कारण हे चारही कागद तेव्हा शेजारी शेजारी मांडावे लागतात.

दुसरा तुकडा खर्चाचा. ‘मुलगा खर्च करणार’ हे वाक्य जर्मनीच्या बाबतीत पत्रात सिद्ध होत नाही, ते तिथल्या परकीय नागरिक कार्यालयात सिद्ध होतं. मुलाने आपल्या गावच्या त्या कार्यालयात जाऊन, पगाराचे कागद दाखवून आणि 29 युरो शुल्क भरून एक औपचारिक हमीपत्र करायचं असतं. जर्मनीतली मराठी मंडळी त्याच्या लांबलचक जर्मन नावाऐवजी ‘व्हीई’ म्हणून मोकळी होतात. त्यात मुलगा पाहुण्यांच्या खर्चाची कायदेशीर जबाबदारी अंगावर घेतो. हे हमीपत्र मूळ प्रतीत फाइलमध्ये असलं की पत्रात त्यासाठी अर्धं वाक्य आणि जोडपत्राचा क्रमांक पुरतो. मुलाचा पगार, त्याच्या कंपनीचं मोठेपण, त्याच्या घराला किती खोल्या आहेत, हे पत्रात आणू नये. ज्या कार्यालयाने हमीपत्र दिलं त्याने त्याची ऐपत तपासलेली असते.

तिसरा तुकडा शेतीचा, आणि बीडच्या अर्जदाराचं पत्र मुंबईच्या नोकरदाराच्या पत्राहून वेगळं होतं ते इथे. नोकरदार पगारपत्रक आणि आयटी रिटर्न जोडतो, विषय संपला. शेतकऱ्याच्या कागदांना मात्र एका वाक्याची सोबत लागते, कारण ते कागद आपण होऊन बोलत नाहीत. पहिलं म्हणजे आयटी रिटर्न नाही. भारतात शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, हे गेवराईत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण यादीतल्या एका चौकटीपुढे कागद नाही असं ज्याला दिसणार आहे, त्याला ते सांगायला हवं. ‘उत्पन्न शेतीचं असल्याने करमुक्त, म्हणून रिटर्न नाही, त्याऐवजी क्रमांक 5 आणि 6 पाहावेत’, एवढं पुरे.

दुसरं, सातबारा. तो मराठीत असतो, म्हणून सोबत इंग्रजी किंवा जर्मन भाषांतर हवं. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून 15 रुपयांत मिळतो. गावातली सगळी जमीन एकाच गटात नसेल तर आठ-अ जोडावा, त्यात त्या खातेदाराची गावातली एकूण जमीन एका कागदावर येते. इथे एक बारीक गोम आहे. आपण बोलताना पाच एकर म्हणतो आणि पत्रातही तेच उतरतं. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर-आर असतं, म्हणजे 2.02 हेक्टर. ज्याला एकर-हेक्टरचा हिशेब करायची सवय नाही, त्याला पत्र आणि कागद दोन वेगळ्या गोष्टी सांगतात असं वाटतं. कागदावर जे एकक आहे तेच पत्रात ठेवावं. सामाईक खातं असेल तर फक्त आपला हिस्सा लिहावा. भावकीची सगळी जमीन आपल्या नावावर दाखवण्याचा मोह टाळावा, कारण सातबाऱ्यावर इतर नावंही छापलेली असतात.

तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं, बँकेचं खातं. पगारदाराच्या खात्यात दर महिन्याला सारखी रक्कम पडते. ऊस-कापूसवाल्याच्या खात्यात महिनोन् महिने चारदोन हजार खेळत असतात आणि मग एके दिवशी कारखान्याचं ऊसबिल जमा झालं की एकदम दोन-अडीच लाख. तीन महिन्यांचं विवरण बघणाऱ्याला ती जमा नजरेत भरते. व्हिसापुरते कुणाकडून तरी उसने आणून खात्यात टाकले, अशी शंका यायला एवढं बस्स होतं. खरं तर त्या रकमेचा कागद घरातच असतो : कारखान्याची बिलाची पावती, तिच्यावर टनेज आणि तारीख. ती जोडावी आणि पत्रात तारखेसह एक वाक्य टाकावं. दोन पानी विनंतीपत्रात नेमकं हेच वाक्य नसतं, हे अनेक फाइली बघितलेला माणूस सांगेल.

तहसीलदाराच्या उत्पन्नाच्या दाखल्याबाबत जरा सावध असावं. घरात एखादा जुना दाखला पडलेला असतो. तो धाकट्याच्या फी-सवलतीसाठी कधी काळी काढलेला असतो आणि त्यावरचं उत्पन्न आजच्या खात्याशी कुठूनही जुळत नाही. ‘सरकारी शिक्का आहे, असू द्या’ म्हणून तो फाइलमध्ये सरकवला की अर्जदार स्वतःच्याच कागदांना खोटं पाडतो. दाखला हवाच असेल तर चालू वर्षाचा आणि खऱ्या उत्पन्नाचा काढावा. नाहीतर पावती आणि सातबारा पुरेत.

नावांचा प्रश्न उरतो. सातबाऱ्यावर ‘ज्ञानोबा’, पासपोर्टवर ‘ज्ञानेश्वर’, मुलाच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचं नाव पुन्हा तिसऱ्याच स्पेलिंगने. आपल्याकडे याचं कुणाला काही वाटत नाही. पण मुलाशी नातं सिद्ध करायचं तर मुलाच्या पासपोर्टमधलं तेच शेवटचं पान कामी येतं, विशेषतः मुलाचा जन्मदाखला कधी काढलेलाच नसेल तेव्हा. आणि जमीन आपली आहे हे सिद्ध करायला सातबाऱ्यावरचं नाव लागतं. म्हणून दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र करून त्याला क्रमांक द्यावा. नावं कशी बदलली, शाळेत मास्तरांनी काय लिहिलं, तलाठ्याने काय लिहिलं, ही कथा पत्रात नको.

दहावीचं प्रमाणपत्र नसल्याची धास्तीही जुन्या पिढीला असते आणि तीही कधीकधी पत्रात उतरते : ‘आम्ही अल्पशिक्षित आहोत, तरी सांभाळून घ्यावे.’ याची गरज नाही. दहावी नसलेल्यांच्या पासपोर्टला लागणारी ईसीआरची अट ठरावीक 18 देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांना लागू आहे. त्या यादीत जर्मनी नाही, आणि पन्नाशी ओलांडलेला माणूस तसाही त्या अटीतून सुटतो.

आता परतीचा इरादा. हा भाग शपथेने सिद्ध होत नाही. ‘आम्ही नक्की परत येऊ अशी ग्वाही देतो’ या वाक्याला वजन नाही, कारण ते कुणीही लिहू शकतं. शेतकऱ्याकडे याहून भक्कम गोष्ट आहे : पेरणी. मृग लागतो जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, त्याआधी रानाची मशागत उरकायची असते, आणि जमीन कसणारा हाच माणूस आहे. 25 मेची परतीची तारीख त्या कामाशी जुळते. हे जुळणं पत्रात एका वाक्यात दिसलं पाहिजे. तारखा ठरवतानाच हा विचार केला तर आणखी चांगलं. जून ते ऑगस्ट जाणाऱ्या शेतकऱ्याला ऐन खरिपात शेत कोण बघणार याचं उत्तर द्यावं लागतं आणि परिच्छेद वाढतो.

हे सगळं एकत्र केल्यावर वडिलांच्या फाइलवरचं पत्र असं होतं. इथे ते मराठीत दिलं आहे, देताना ते इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये करावं. वाक्यं एवढी सरळ असली की मुलगाच ते करू शकतो.

‘विषय : कुटुंबभेटीसाठी शेंगेन व्हिसा, 1 मार्च ते 25 मे 2027. मी आणि माझी पत्नी (तिचा अर्ज सोबतच दिला आहे) स्टुटगार्ट येथे नोकरी करणारा आमचा मुलगा, सून आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला नातू यांना भेटायला वरील 86 दिवसांसाठी जात आहोत आणि मुलाच्याच घरी राहू (1 : निमंत्रण, मुलाच्या पासपोर्टची व निवास परवान्याची प्रत, 2 : नातवाचा जन्मदाखला). राहण्या-जेवणाचा खर्च मुलगा करेल (3 : हमीपत्र, मूळ प्रत), विमानभाडं मी देईन (4 : बँक विवरण). मी शेतकरी आहे. शेती उत्पन्न भारतात करमुक्त असल्याने आयटी रिटर्न नाही. 2.02 हेक्टर जमीन माझ्या नावे आहे (5 : सातबारा, आठ-अ व भाषांतर). खात्यातली 14 जानेवारीची जमा साखर कारखान्याच्या ऊसबिलाची आहे (6 : पावती). सातबाऱ्यावरील ज्ञानोबा आणि पासपोर्टवरील ज्ञानेश्वर ही एकाच व्यक्तीची नावं आहेत (7 : प्रतिज्ञापत्र). जमीन मी स्वतः कसतो. जूनमधल्या पेरणीपूर्वी आम्ही परत येऊ (8 : परतीच्या तिकिटाचं आरक्षण). 30,000 युरोचा प्रवासविमा संपूर्ण मुक्कामासाठी आहे (9).’

खाली तारीख, सही, पासपोर्ट क्रमांक. एवढंच. नऊ क्रमांक पेन्सिलीने त्या त्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात घालावेत आणि कागद त्याच क्रमाने लावावेत. दूतावासाच्या यादीत कागदांचा वेगळा क्रम दिला असेल तर पत्रानेच तो पाळावा. पत्राचा एक आणि फाइलचा दुसरा असा क्रम ठेवला तर क्रमांक असून नसल्यासारखे. 30,000 युरो ही विम्याची किमान मर्यादा आहे, त्याहून जास्तीचा असला तर तो आकडा लिहावा.

आईच्या फाइलचं काय? तिचा अर्ज स्वतंत्र असतो, म्हणून पत्रही स्वतंत्र हवं, आणि नवऱ्याच्या पत्रावर नुसती तिचीही सही घेऊन भागत नाही. तिच्या नावावर जमीन नसते, खात्यात फारसं काही नसतं. त्याची लाज वाटून पत्रात ‘शिवणकाम करते, दुग्धव्यवसाय करते’ असं घालण्यापेक्षा सरळ लिहावं : मी गृहिणी आहे, पतीसोबत जात आहे, खर्च पतीच्या पत्रात दिल्याप्रमाणे, मूळ कागद पतीच्या फाइलमध्ये व प्रती इथे. जुन्या लग्नांची नोंद पुष्कळदा झालेली नसते. तेव्हा तिच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर पतीचं नाव आहे का ते आधी बघावं, आणि नसेल तर ग्रामपंचायतीकडून विवाहनोंदणीचं काम फाइल देण्याच्या बरंच आधी उरकावं. ते प्रमाणपत्र तिच्या फाइलमध्ये स्वतंत्र क्रमांकाला जाईल.

हीच पद्धत अमेरिकेला जाणाऱ्याने जशीच्या तशी उचलू नये. तिथे डीएस-160 फॉर्म आणि मुलाखत यांवर निर्णय होतो. खिडकीपलीकडचा अधिकारी कागद मागेलच असं नाही. तिथे वरचा परिच्छेद कागदावर नाही, तोंडात हवा : कुणाकडे, किती दिवस, खर्च कुणाचा, परत का.

शेवटी नकार आला तर काय, हेही माहीत असावं. नकाराचा कागद ठरावीक नमुन्याचा असतो आणि त्यावर कारणापुढे खूण केलेली असते. जर्मन दूतावासाकडे लेखी फेरविचार मागण्याची जुनी सोय 1 जुलै 2025 पासून बंद झाली. आता वाट दोनच : बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जाणं किंवा नवा अर्ज करणं, आणि गेवराईहून दुसरीच वाट परवडणारी. नव्या अर्जासोबत रागाचं किंवा गयावया करणारं पत्र जोडू नये. खूण हेतू आणि मुक्काम स्पष्ट न झाल्याच्या कारणावर असेल तर जोडपत्र 1 आणि 2 तपासावीत, ऐपतीवर असेल तर 3, 4 आणि 6, परतण्याच्या शंकेवर असेल तर 5 आणि 8. जो कागद कमी पडला तो भरून काढावा, परिच्छेदातलं तेवढंच वाक्य बदलावं आणि त्याच वाक्यात आधीच्या नकाराची तारीख लिहून टाकावी, कारण ती नोंद त्यांच्याकडे असतेच.